उपसा वेगळा, खप वेगळा

भूजलावरच्या निबंधात एक वाक्य हमखास सापडतं: वीज फुकट, म्हणून पाणी बेसुमार उपसलं जातं, म्हणून पातळी खाली जाते. चूक नाही. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. उपसा म्हणजे पंपाने वर आणलेलं पाणी. खप म्हणजे पिकाच्या पानांतून आणि ओल्या मातीवरून वाफ होऊन शेतातून कायमचं गेलेलं पाणी. जे वाफ होत नाही ते बरंचसं पाझरून पुन्हा खाली जातं.

हिशोब मांडला की फरक उघडा पडतो. पंजाबातल्या भातशेतीसारखं एक शेत घ्या. आकडे सोयीसाठी गोल केलेत. हंगामात पाऊस ५०० मिलिमीटर, उपसा १२०० मिलिमीटर, भाताचा खप ६५०. एकूण आलं १७००, वाफ झालं ६५०, पाझरलं १०५०. भूजलातून १२०० काढले आणि १०५० परत गेले, म्हणजे निव्वळ घट १५०. आता बांध नीट करून, पाणी आलटूनपालटून देऊन उपसा निम्म्यावर, ६०० वर आणा. पीक तेच, खप तोच ६५०. पाझर उरतो ४५०, आणि घट? पुन्हा १५०. विजेचं बिल अर्धं झालं, जमिनीखालच्या साठ्याला मात्र काहीच फरक पडला नाही. कारण पाझरलेलं सगळं पाणी परत येत असेल तर घट म्हणजे खप वजा पाऊस. उपसा त्या वजाबाकीत येतच नाही.

आता त्याच शेतात मका घ्या. खप ४५०, पाऊस ५००. साठ्यात ५० मिलिमीटर भर पडते. भाताची १५० मिलिमीटर घट ऐकायला किरकोळ वाटते, पण भूजल मातीच्या कणांमधल्या फटींत असतं. थरातून निथळणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या १५ टक्के असेल, तर एवढ्या घटीने पातळी एका वर्षात एक मीटर उतरते.

मग अनुदानाचं काय? ते नुसती नासाडी वाढवत नाही, ते पीक निवडून देतं. पाणी ३० मीटर खोल आणि पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के असेल, तर एक घनमीटर पाण्याला सुमारे ०.२ युनिट वीज लागते. वरच्या भाताला हेक्टरी जवळपास २,४५० युनिट, मक्याला २०० मिलिमीटरच उपसा धरला तर ४१० च्या आसपास. युनिटला ५ रुपये मोजावे लागले असते तर भात हेक्टरी १० हजार रुपयांनी महाग पडला असता. पंजाबात शेतीची वीज १९९७ पासून (मधली काही वर्षं वगळता) मोफत आहे, त्यामुळे हा फरक शून्य होतो. वर भाताला सरकारी खरेदीची हमी, जी मक्याला प्रत्यक्षात तशी मिळत नाही. वीज आणि खरेदी या दोन्ही गोष्टी मिळून शेतकऱ्याला भाताकडे ढकलतात. निबंधात फक्त विजेला दोषी धरलं तर अर्धं कारण निसटतं.

धोरणंही याच फरकावर तपासता येतात. २००९ च्या पंजाबातल्या कायद्याने १० जूनपूर्वी भाताची लावणी बंद केली. मे-जूनच्या कोरड्या उन्हात वाफ होणारं पाणी यामुळे वाचतं, म्हणजे इथे खरोखर खप कमी होतो. (कापणी पुढे गेल्याने गव्हासाठी दिवस कमी उरले आणि काडी जाळण्याचा काळ थंडीच्या तोंडावर सरकला, ते वेगळं दुखणं.) २०१८ च्या 'पाणी बचाओ, पैसे कमाओ' योजनेत ठरलेल्या कोट्यापेक्षा कमी वीज वापरली तर प्रत्येक वाचलेल्या युनिटला ४ रुपये देऊ केले होते. अनुदान न काढता शेवटच्या युनिटला किंमत लावण्याची ही युक्ती मला हुशारीची वाटते. पण मीटर मोजतो उपसा. शेतकऱ्याने फक्त पाझर कमी केला तर पैसे मिळतील आणि पातळी तरीही उतरत राहील. त्याने पीक बदललं तर मात्र ती सावरेल.

हा हिशोब सगळीकडे चालत नाही. पाझरलेलं पाणी खाली खाऱ्या थरात मिसळत असेल, किंवा उपसा खोल बंदिस्त थरातून होऊन पाझर वरच्याच थरात अडकत असेल, तर परत गेलेलं पाणी हाती लागत नाही आणि तिथे उपसा कमी करणं हीच खरी बचत ठरते. वेगळं कसं ओळखायचं? मीटरचं वाचन आणि पावसाळ्यानंतरची विहिरीची पातळी शेजारी ठेवून काही वर्षं पाहायची. पाऊस साधारण सारखा, युनिट घटलेली, आणि पातळी पूर्वीच्याच वेगाने उतरतेय असं दिसलं, तर वाचला तो पाझर होता.