शाबितीचा भार आणि कायदेशीर गृहीतक: चेकच्या खटल्यात नेमके काय सरकते?

चेक न वटल्याच्या खटल्यात "आता भार आरोपीवर आहे" हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ऐकणाऱ्याचा समज होतो, आरोपीने स्वतःचे निर्दोषत्व सिद्ध करायचे असून तक्रारदाराने फक्त बसून राहायचे आहे. या समजाच्या मुळाशी दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. एक शाबितीचा भार आणि दुसरे कायदेशीर गृहीतक. दोन्हींचा परिणाम अनेकदा सारखाच दिसतो, म्हणूनच त्या एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, परंतु त्या दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

शाबितीचा भार हा "कोणी सिद्ध करायचे?" या प्रश्नाशी संबंधित आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 104 प्रमाणे, जो पक्ष काही तथ्ये अस्तित्वात असल्याचे सांगून त्यांवर आधारलेल्या हक्काबाबत न्यायालयाचा निर्णय मागतो, त्याने ती तथ्ये सिद्ध केली पाहिजेत. पुढच्याच कलम 105 मध्ये याची कसोटी दिली आहे: दोन्ही बाजूंनी काहीच पुरावा दिला नाही, तर जो पक्ष हरेल त्याच्यावर भार. (1872 च्या जुन्या कायद्यात हीच कलमे 101 आणि 102 होती, आणि जुने न्यायनिर्णय त्याच क्रमांकांनी वाचावे लागतात.)

गृहीतक मात्र "कशाच्या आधारे सिद्ध झाले असे धरायचे?" या प्रश्नाशी संबंधित आहे. एक पायाभूत तथ्य शाबीत झाले की त्यावरून दुसरे तथ्य न्यायालयाने मानून चालावे, अशी परवानगी किंवा आज्ञा कायदा देतो. काही ठिकाणी न्यायालय तसे गृहीत धरू शकते, काही ठिकाणी ते गृहीत धरणे बंधनकारक असते पण विरुद्ध बाजूला खंडनाची संधी असते, आणि काही मोजक्या ठिकाणी ते निर्णायक असल्याने खंडनाचा पुरावाच देता येत नाही. गृहीतक हे म्हणजे भार पेलण्याचे एक साधन आहे. ज्याच्यावर मुळात भार होता, त्याला त्या एका तथ्यापुरता पुरावा देण्यापासून ते तात्पुरते मोकळे करते. "त्या एका तथ्यापुरता" हे शब्द नजरेआड झाले की गोंधळ सुरू होतो.

हे प्रत्यक्ष कसे चालते ते पाहण्यासाठी पराक्राम्य संलेख अधिनियम, 1881 मधील कलम 138 च्या खटल्याइतके चांगले उदाहरण नाही. समजा, एकाने दुसऱ्याला चार लाख रुपये हातउसने दिल्याचे सांगितले, त्या रकमेचा चेक खात्यात भरला आणि "पुरेशी शिल्लक नाही" अशा शेऱ्यासह तो परत आला. बँकेकडून हे कळल्यापासून 30 दिवसांच्या आत त्याने लेखी नोटीस पाठवली आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे मिळाले नाहीत म्हणून तक्रार दाखल केली. चेक आरोपीच्या खात्याचा होता, तो मुदतीत सादर झाला, परत आला, नोटीस वेळेत गेली आणि तरीही रक्कम दिली गेली नाही, हे सारे दाखवण्याचा भार तक्रारदारावरच राहतो. यातील काही बाबींसाठी कायद्याने मदत दिली आहे, जसे की बँकेच्या परतीच्या मेमोवरून चेक न वटल्याचे गृहीत धरले जाते, पण ती गृहीतके वेगळी आणि तेवढ्याच तथ्यांपुरती आहेत.

राहिला सर्वांत कठीण भाग, म्हणजे चार लाख रुपये खरोखर देणे होते का. येथे कलम 139 पुढे येते. आरोपीने चेकवरील सही मान्य केली, किंवा तक्रारदाराने ती सिद्ध केली, की तो चेक पूर्ण किंवा अंशतः कर्ज वा अन्य दायित्व फेडण्यासाठी मिळाला असे न्यायालयाने गृहीत धरलेच पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम 118 खाली मोबदल्याचेही गृहीतक जोडीला असते. कायद्याने अंमलात आणता येण्याजोगे कर्ज अस्तित्वात होते, हेही या गृहीतकात समाविष्ट आहे की नाही याविषयी पूर्वी मतभेद होता. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने रंगप्पा विरुद्ध श्री मोहन (2010) या प्रकरणात ते समाविष्ट आहे असे स्पष्ट केले. चेकवर फक्त सही करून बाकी कोरा चेक स्वेच्छेने दिला असला, तरी गृहीतक लागू होते, हे बीरसिंग विरुद्ध मुकेशकुमार (2019) मध्ये सांगितले गेले. "मी कोरा चेक दिला होता" एवढाच बचाव घेऊन येणाऱ्यांची येथेच निराशा होते.

सहीच नाकारली असेल, तर चित्र बदलते. पायाभूत तथ्यच वादात असल्याने गृहीतक उभेच राहत नाही, आणि सही आरोपीची आहे हे तक्रारदाराला आधी सिद्ध करावे लागते. खंडनाची भाषा येथे अस्थानी आहे, कारण जे निर्माण झाले नाही त्याचे खंडन कशाचे करायचे?

आता सही मान्य आहे असे धरू. आरोपीपुढे तीन मार्ग असतात. पहिला, नुसता नकार. तो पुरेसा नाही, कारण गृहीतक बोलण्याने ढळत नाही. दुसरा, स्वतःचा पुरावा देणे, उदाहरणार्थ रक्कम परत केल्याच्या बँक नोंदी किंवा चेक दुसऱ्याच व्यवहारात तारण म्हणून दिल्याचा करार. तिसरा मार्ग, ज्याकडे दुर्लक्ष होते, तो म्हणजे तक्रारदाराच्याच पुराव्यातून खंडन करणे. रंगप्पा प्रकरणात न्यायालयाने म्हटले की आरोपीने स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उतरलेच पाहिजे असे नाही. तक्रारदाराने सादर केलेल्या साहित्यावर विसंबूनही तो बचाव उभा करू शकतो. म्हणून चार लाखांच्या आपल्या खटल्यात उलटतपासणी अशी जाते: रक्कम रोखीने दिली का, कोणत्या दिवशी, कोणत्या खात्यातून काढली, त्या वेळी उत्पन्न काय होते, विवरणपत्रात ती दाखवली आहे का, कर्जाचा एखादा कागद आहे का. तक्रारदाराने रोख रक्कम घरात होती म्हणून सांगितले आणि त्या काळातील त्याच्या उत्पन्नाशी ती कोणत्याही प्रकारे जुळत नसेल, तर कर्ज नसण्याचीच शक्यता अधिक वाटू लागते.

बसलिंगप्पा विरुद्ध मुदीबसप्पा (2019) हा निर्णय नेमका याच बिंदूवर आहे. तेथे चेक सहा लाखांचा होता. तक्रारदार 1997 मध्ये निवृत्त झालेला होता आणि त्याने जवळच्याच काळात इतरही मोठ्या रकमा दिल्याचे पुढे आले. कर्ज देण्याच्या आर्थिक क्षमतेविषयी आरोपीने प्रश्न उपस्थित केल्यावर ती क्षमता दाखवण्याची जबाबदारी तक्रारदारावर आली, ती त्याने पार पाडली नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा दोषी ठरवणारा निर्णय रद्द करून आरोपीची निर्दोष मुक्तता पुन्हा प्रस्थापित केली. याचा अर्थ प्रत्येक तक्रारदाराने सुरुवातीलाच उत्पन्नाचे दाखले जोडावेत असा नाही. तो प्रश्न विचारला जाईपर्यंत गृहीतक त्याच्या बाजूने काम करत असते.

या हालचालीकडे काळजीपूर्वक पाहिले, तर दोन प्रकारचे भार वेगळे करता येतात. आरोपीचा गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करण्याचा मूळ भार तक्रारदारावर असतो आणि खटल्यात शेवटपर्यंत तो हलत नाही. हलते ती एका विशिष्ट मुद्द्यावर पुढचा पुरावा देण्याची जबाबदारी. ती सही मान्य होताच आरोपीकडे जाते. आरोपीने संभाव्य बचाव दाखवताच तक्रारदाराकडे परत येते. तेव्हा गृहीतक आपले काम संपवून बाजूला होते आणि तक्रारदाराला कर्ज हे प्रत्यक्ष तथ्य म्हणून सिद्ध करावे लागते. आरोपीला पेलावे लागणारे ओझेही हलके आहे: त्याला वाजवी शंकेपलीकडे काही सिद्ध करायचे नसते, शक्यतांचे झुकते माप आपल्या बाजूला आहे एवढेच दाखवायचे असते. परंतु नुसती शंका निर्माण करण्यापेक्षा ते जास्त आहे, कारण कायद्याने "विरुद्ध सिद्ध होईपर्यंत" असे म्हटले आहे. कायद्याच्या अर्थाने एखादे तथ्य खोटे ठरते ते न्यायालयाला ते नाहीच अशी खात्री पटते तेव्हा, किंवा ते नसणे इतके संभाव्य वाटते की विवेकी माणूस ते नाही असे धरूनच वागेल तेव्हा.

व्यवहारात दोन्ही दिशांनी चुका होतात. राजेश जैन विरुद्ध अजय सिंग (2023) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली चूक दाखवली: गृहीतक लागू झालेले असताना खालच्या न्यायालयांनी "तक्रारदाराने कर्ज सिद्ध केले का?" असा प्रश्न घेतला, वास्तविक प्रश्न "आरोपीने गृहीतकाचे खंडन केले का?" असा असायला हवा होता. प्रश्नच चुकला की उत्तर कितीही तर्कशुद्ध असले तरी निकाल चुकतो. दुसरी चूक उलट असते. उलटतपासणीत तक्रारदाराचे म्हणणे ढासळलेले असते, पण आरोपीने स्वतः साक्ष दिली नाही एवढ्यावरून खंडन झाले नाही असे धरले जाते. एखादा न्यायनिर्णय वाचताना तो यापैकी कोणत्या चुकीत आहे, हे ओळखायचे असेल, तर न्यायालयाने कोणता प्रश्न कोणत्या क्रमाने विचारला ते शोधावे; निष्कर्षापेक्षा ते अधिक सांगून जाते.

गृहीतक आपल्या तथ्यापलीकडे जात नाही, हे इतरत्रही दिसते. एखादी व्यक्ती सात वर्षे बेपत्ता असेल आणि तिच्याविषयी ज्यांना स्वाभाविकपणे माहिती असती त्यांना काहीच कळले नसेल, तर ती जिवंत आहे असे म्हणणाऱ्यावर ते सिद्ध करण्याचा भार येतो. पण ती नेमकी केव्हा मरण पावली याबद्दल कोणतेही गृहीतक नाही. विमा किंवा वारसाहक्काच्या दाव्यात तारीख महत्त्वाची असेल, तर ती सांगणाऱ्यानेच सिद्ध करावी, हे आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा (2004) मध्ये स्पष्ट झाले आहे. तसेच, एखादे तथ्य विशेषकरून एकाच्याच माहितीत असेल तर ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, हे साक्ष्य अधिनियमाचे कलम 109 (पूर्वीचे 106) फौजदारी खटल्यात सरकारपक्षाला मूळ कामातून सोडवत नाही. शंभूनाथ मेहरा विरुद्ध अजमेर राज्य (1956) या निर्णयात तो मुद्दा फार पूर्वीच आला आहे.

भार आणि गृहीतक यांत फरक आहे हे पटायला बरोबरीची स्थिती पाहावी. चार लाखांच्या खटल्यात दोन्ही बाजूंचे म्हणणे सारखेच संभाव्य वाटले आणि गृहीतकाचे खंडन झालेच नाही, तर आरोपी हरतो, कारण विरुद्ध शक्यता अधिक असल्याचे दाखवणे त्याचे काम होते. खंडन एकदा झाले आणि त्यानंतर तक्रारदाराने आणलेल्या पुराव्यामुळे पारडी पुन्हा बरोबरीला आली, तर हरतो तो तक्रारदार, कारण आता त्याच्या मदतीला गृहीतक नसते आणि मूळ भार कधीच त्याच्याकडून सुटलेला नसतो. पुराव्याची स्थिती दोन्ही वेळा समान, निकाल मात्र विरुद्ध. आणि म्हणून अशा खटल्यात युक्तिवाद करणाऱ्याने आधी हे ठरवायचे असते की आपण या दोनपैकी कोणत्या क्षणी उभे आहोत.