सुपरव्हिजनच्या ड्युट्या समान वाटताना घोळ नेमका कुठे होतो

परीक्षेचं टाइमटेबल लागलं की पाठोपाठ स्टाफरूममध्ये सुपरव्हिजनचा चार्ट लागतो, आणि पाच मिनिटांत कोणीतरी बोट ठेवून मोजायला सुरुवात करतं. मला चार आणि त्यांना दोनच? मग चार्ट बनवणाऱ्यावर वशिलेबाजीचा संशय, आणि बनवणारा म्हणतो की अहो ज्याचा विषय त्याला त्या दिवशी ड्युटी देता येत नाही ना, मग असंच होणार. आता यातलं खरं काय? कधी बनवणारा बरोबर असतो आणि कधी नसतो, आणि गंमत म्हणजे नुसता चार्ट बघून ते कळत नाही. पण ते तपासायची एक पक्की रीत आहे, गणितातली.

आधी नियम. ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या शिक्षकाने त्या दिवशी वर्गात उभं राहायचं नाही, कारण उघड आहे, पोरं आशेने बघतात आणि सरांच्या चेहऱ्यावरून पण उत्तर कळतं. शाळेच्या अंतर्गत परीक्षेत आणखी एक कारण असतं, पेपरात प्रिंटिंगची चूक निघाली तर तो शिक्षक मोकळा लागतो. म्हणजे प्रत्येक शिक्षकाला एक दिवस बंद, आणि बाकी दिवसांत सगळ्यांना शक्यतो सारख्या ड्युट्या. ऐकायला सोपं आहे.

एक छोटी शाळा घेऊ, खरी नाही, पण आकडे हातावर मोजता येतील अशी. सहा शिक्षक: मराठीच्या मॅडम, गणिताचे सर, विज्ञानाचे सर, इतिहासाच्या मॅडम, आणि इंग्रजीला दोघं, एक मॅडम एक सर. पाच दिवस पाच पेपर, याच क्रमाने: मराठीला 4 ब्लॉक म्हणजे चार वर्गखोल्या, प्रत्येकीत एक सुपरव्हायझर, गणिताला 4, विज्ञानाला 3, इतिहासाला 3 आणि शेवटी इंग्रजीला 4. एकूण 18 ड्युट्या, सहा जण, म्हणजे प्रत्येकी 3. त्यात इंग्रजीचे सर विज्ञानाच्या पेपरदिवशी निवडणुकीच्या ट्रेनिंगला, ते तर कुठेही चुकत नाही.

बहुतेक ठिकाणी चार्ट कसा बनतो? एकेक दिवस घ्यायचा, ज्याच्या आत्तापर्यंत कमी ड्युट्या झाल्यात त्याला आधी लावायचं, बरोबरी असेल तर यादीत जो वर तो. आपली यादी वर दिलेल्या क्रमाचीच धरू, इंग्रजीवाले शेवटी. मग असं होतं:

मराठी: गणित, विज्ञान, इतिहास, इंग्रजीच्या मॅडम
गणित: मराठी, इंग्रजीचे सर, विज्ञान, इतिहास
विज्ञान: मराठी, गणित, इंग्रजीच्या मॅडम
इतिहास: इंग्रजीचे सर, मराठी, गणित
इंग्रजी: मराठी, गणित, विज्ञान, इतिहास

मोजा. मराठीच्या मॅडमना 4, गणिताच्या सरांना 4, विज्ञान आणि इतिहास 3-3, आणि इंग्रजीच्या दोघांना फक्त 2-2. म्हणजे भांडण पक्कं! आणि बनवणाऱ्याने कुठेही पार्शालिटी केलेली नाही, प्रत्येक पायरीला ज्याला कमी त्यालाच दिलंय.

चूक शेवटच्या दिवसात लपलेली आहे. इंग्रजीला 4 ब्लॉक आणि त्या दिवशी इंग्रजीचे दोघं बंद, म्हणजे उरलेले चारही जण लागणारच, तिथे निवड करायला जागाच नाही. याचा अर्थ त्या चौघांची प्रत्येकी एक ड्युटी पहिल्या दिवसापासूनच बुक झालेली आहे, फक्त ती कागदावर अजून दिसत नाही. आणि इंग्रजीच्या दोघांच्या तिन्ही ड्युट्या पहिल्या चार दिवसांतच उरकायला पाहिजेत. पण आपली पद्धत फक्त आजवरची बेरीज बघते, पुढे काय येतंय ते बघत नाही. म्हणून जुने जाणते लोक एक युक्ती करतात, तारखेच्या क्रमाने न जाता सगळ्यात अडचणीचा पेपर आधी भरतात. इथे इंग्रजी आधी भरून मग बाकीचे चार दिवस त्याच नियमाने लावा, सगळ्यांना बरोबर 3 येतात, करून बघा. पण साठ-सत्तर शिक्षक, सकाळ-दुपार दोन सेशन, कोणी मॅटर्निटी लीव्हवर कोणी ट्रेनिंगला, अशा ठिकाणी सगळ्यात अडचणीचा पेपर नेमका कोणता हेच डोळ्याने कळत नाही, तेव्हा युक्ती चालेलच असं नाही.

मग बिघडलेला चार्ट दुरुस्त कसा करायचा? समजा आपण इतिहासाच्या पेपरची ड्युटी गणिताच्या सरांकडून काढून इंग्रजीच्या मॅडमना दिली. त्या दिवशी त्या मोकळ्या होत्या, विषयही त्यांचा नाही. दोघांचे 3-3 झाले, छान. आता उरले मराठीच्या मॅडम 4 आणि इंग्रजीचे सर 2. सरांना एक द्यायची, पण ते मोकळे कधी आहेत? मराठीच्या दिवशी आणि विज्ञानाच्या दिवशी. विज्ञानाच्या दिवशी ट्रेनिंग. आणि मराठीच्या दिवशी मराठीच्या मॅडमना ड्युटीच नाही, त्यांचाच पेपर! म्हणजे सरळ अदलाबदल होतच नाही, आणि इथे बहुतेक लोक हात टेकतात, की बघा, नाही होत.

होतं, पण मध्ये तिसरा माणूस घ्यावा लागतो. इंग्रजीचे सर मराठीच्या दिवशी विज्ञानाच्या सरांची ड्युटी घेतात, आणि विज्ञानाचे सर त्याबदल्यात इतिहासाच्या दिवशी मराठीच्या मॅडमची ड्युटी घेतात. विज्ञानाच्या सरांची बेरीज 3 होती ती 3च राहिली, एका बाजूला गेली दुसरीकडून आली, आणि टोकाच्या दोघांचं मात्र 4 आणि 2 चं 3 आणि 3 झालं. सगळ्यांना तीन-तीन, कोणी आपल्या विषयाला नाही. (पहिली अदलाबदल वेगळी निवडली असती तर ही साखळी लागलीच नसती, हे मान्य, पण ते सगळं झाल्यावर कळतं.)

या साखळीवरच सगळं शास्त्र उभं आहे. अमेरिकेतले फोर्ड आणि फुल्करसन यांनी 1956 मध्ये पेपर छापला तो जाळ्यातून जास्तीत जास्त किती माल वाहून नेता येईल याबद्दल होता. पाण्याच्या पाइपलाइनसारखं समजा: एका टाकीतून सहा शिक्षकांकडे पाइप, प्रत्येकाची क्षमता 3, शिक्षकाकडून ज्या दिवशी तो चालतो त्या दिवसाकडे पाइप, क्षमता 1, कारण एकाच वेळी दोन ब्लॉकवर कोणी उभं राहत नाही, आणि प्रत्येक दिवसाकडून शेवटच्या टाकीकडे त्या दिवसाच्या ब्लॉकएवढा पाइप. ज्याचा विषय त्या दिवसाचा पाइप जोडायचाच नाही, रजा असेल तर तोही नाही. यातून 18 पाणी गेलं की चार्ट तयार. त्यांची रीत म्हणजे साखळ्या शोधत राहायचं, जी सापडेल तिने एकेक ड्युटी सरकवायची, आणि साखळी संपली की थांबायचं. त्यांनी हे सिद्ध केलं की साखळी सापडेनाशी झाली म्हणजे यापेक्षा चांगलं होणारच नाही, तुम्ही कितीही डोकं लावा.

आणि नाही होत असं आलं तर ते का होत नाही याचा पुरावाही त्याच वेळी हातात पडतो, मला तरी हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. समजा आपल्याच शाळेत इंग्रजीचे दोघंही विज्ञान आणि इतिहास दोन्ही दिवशी ट्रेनिंगला आहेत. मग त्यांना उरले फक्त मराठी आणि गणित, दोघांच्या मिळून जास्तीत जास्त 4 ड्युट्या. 18 मधून 4 गेल्या, 14 उरल्या, त्या बाकी चौघांवर, आणि प्रत्येकी 3 प्रमाणे त्यांची कुवत 12. दोन कमी पडतात, संपलं. इथे 4, 4, 3, 3, 2, 2 हाच सगळ्यात चांगला चार्ट आहे. म्हणजे आधीच्या वादग्रस्त चार्टसारखेच आकडे, पण तिथे तो आळस होता आणि इथे नाइलाज आहे. फरक चार्टमध्ये दिसत नाही, या चार ओळींच्या हिशोबात दिसतो. एखाद्या गटाला मिळून किती देता येतं आणि बाकीच्यांवर किती पडतं, ही मोजणी नोटीसच्या खाली लिहून लावली तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील असं माझं मत. अशाच मोजणीचं एक जुनं प्रमेय इंग्लंडच्या फिलिप हॉल यांनी 1935 मध्ये दिलं होतं.

अजून एक शंका लोक काढतात, की बेरीज नीट भागली नाही तर? 40 ड्युट्या आणि 12 शिक्षक, सरासरी 3.33. तर या जाळ्यांचा एक गुण असा की सगळ्या क्षमता पूर्णांकात असल्या की उत्तरही पूर्णांकात मिळतं. म्हणजे अपूर्णांकात का होईना, प्रत्येकाला 3.33 देऊन कागदावर हिशोब जुळत असेल, तर आठ जणांना 3 आणि चार जणांना 4 असा खरा चार्ट असतोच. कोणाला 2 आणि कोणाला 5 द्यायची वेळ येत नाही. मागच्या टर्मला ज्याने 4 केल्या त्याचा पाइप यावेळी 3 चा ठेवायचा, तेवढंही यात बसतं, फक्त तो धरून चार्ट जुळतो का ते परत तपासावं लागतं.

पण काही मागण्या आल्या की हे जाळं फाटतं. लागोपाठ दोन दिवस ड्युटी नको, किंवा नवरा-बायको दोघांना एकाच दिवशी द्या म्हणजे रिक्षा एकच लागेल, अशा मागण्यांत एका ड्युटीचं नशीब दुसरीवर अवलंबून राहतं आणि पाइपला ते कळत नाही. त्याहून चिवट म्हणजे तासांचा हिशोब. एक पेपर तीन तासांचा, एक दोन तासांचा, मग ड्युट्या नाही तास समान करा असं कोणी म्हटलं (आणि ते म्हणणं रास्त आहे) की पूर्णांकाचा तो गुण गेला, साखळीत तीन तास देऊन दोन तास घेतले की मधल्या माणसाची बेरीज हलते. तेव्हा मग सॉल्व्हर लागतो, म्हणजे अटी घालून दिल्या की सगळ्यात चांगलं उत्तर शोधणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक शिक्षक आणि प्रत्येक पेपर यांचा एकेक हो-नाही रकाना करून. एक्सेलमध्ये येतो तो सॉल्व्हर 200 रकान्यांपर्यंतच चालतो, आपल्या सहा जणांच्या शाळेला 30 लागतात म्हणजे आरामात बसेल, पण 60 शिक्षक आणि 12 पेपर म्हटलं की 720, तिथे तो सरळ नाही म्हणतो आणि वेगळं सॉफ्टवेअर बघावं लागतं.