रचनाप्रकारानुसार प्रश्नगट (फायनाइट ऑटोमाटा व रेग्युलर एक्स्प्रेशन)

थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन या विषयाचे जुने प्रश्न वर्षवार न लावता, उत्तरातले यंत्र ज्या रीतीने बांधले जाते त्या रीतीनुसार गटांत लावून सोडवण्याची अभ्यासपद्धती. प्रस्तुत नोंद फायनाइट ऑटोमाटा आणि रेग्युलर एक्स्प्रेशन यांच्या प्रश्नांपुरती मर्यादित आहे. विदर्भात संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ (स्थापना १९८३) व राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ यांच्या प्रश्नपत्रिकांवर ‘हिवाळी’ किंवा ‘उन्हाळी’ आणि वर्ष असा शिक्का असतो. त्यामुळे तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानातून मिळणारा स्पायरल बांधणीचा संचही त्याच क्रमाने लावलेला असतो. तो क्रम मोडून प्रश्न कातरून किंवा उतरवून लाँगबुकात नव्याने लावायचे, इथून या पद्धतीची सुरुवात होते.

गट पाडताना प्रश्नातले शब्द बाजूला ठेवून एकच गोष्ट विचारायची : यंत्राच्या स्टेटला काय लक्षात ठेवावे लागते? बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला याचा विशेष उपयोग होतो. ‘ॲट मोस्ट’, ‘एक्झॅक्टली’, ‘एंडिंग विथ’ अशा शब्दांत प्रश्न अडकला की तो पाठ केलेल्या आकृत्यांतली जवळची शोधतो आणि ती बहुधा चुकीची निघते.

साखळीचा गट

सर्वांत मोठा गट साखळीचा. ‘aab ने सुरू होणाऱ्या’, ‘aab असलेल्या’ आणि ‘aab ने संपणाऱ्या’ स्ट्रिंगांचा डीएफए काढा, हे प्रश्न वाचायला वेगळे असले तरी तिघांचा कणा एकच आहे. q0 म्हणजे अजून काही जुळले नाही, q1 म्हणजे a जुळला, q2 म्हणजे aa जुळले, q3 म्हणजे पूर्ण aab जुळले. फरक दोनच ठिकाणी पडतो : जुळणी तुटली तर कुठे जायचे, आणि q3 ला पोचल्यावर काय करायचे. ‘सुरू होणारी’मध्ये जुळणी तुटली की डेड स्टेट, आणि q3 वर आल्यावर तिथेच मुक्काम. ‘असलेली’मध्ये डेड स्टेट लागत नाही, q3 वर मुक्काम मात्र तसाच. ‘संपणारी’मध्ये q3 वरूनही पुढे चालावेच लागते. म्हणून n अक्षरांच्या शब्दासाठी पहिल्या प्रकाराला n+2 आणि उरलेल्या दोघांना n+1 स्टेट लागतात. आपल्या उदाहरणात ते अनुक्रमे 5, 4 आणि 4 आहेत.

खरी चूक होते ती जुळणी तुटल्यावर. ‘तुटले की q0 ला परत’ असा नियम पुष्कळ उत्तरपत्रिकांत गृहीत धरलेला असतो. योग्य नियम असा : आतापर्यंत वाचलेल्याचा शेवटचा जो सर्वांत लांब तुकडा दिलेल्या शब्दाची सुरुवातही असेल, त्याच्या स्टेटला जायचे. q2 वर असताना a आला तर हाती aaa असते. त्याचा शेवटचा aa हा aab ची सुरुवात आहे, म्हणून q2 वरच राहायचे. q3 वर a आला तर aaba मधला शेवटचा a तेवढा उपयोगी, म्हणून q1. ‘aab ने संपणारी’चा पूर्ण तक्ता असा येतो :

```
स्टेट    a    b
→ q0    q1   q0
  q1    q2   q0
  q2    q2   q3
* q3    q1   q0
```

तपासायला aaab ही एकच स्ट्रिंग पुरते. वरच्या तक्त्यात ती q1, q2, q2, q3 अशी जाऊन स्वीकारली जाते. ज्याने q2 वरून a साठी q0 कडे बाण काढला, त्याच्याकडे ती q0 वरच अडकते. q1 कडे काढला तरीही शेवटचा b तिला q0 वर टाकतो. साखळीच्या प्रत्येक प्रश्नाखाली अशी ‘पहिले अक्षर एकदा जास्त’ किंवा ‘अर्धी जुळणी मोडून पुन्हा जुळणारी’ स्ट्रिंग लिहून ठेवणे, हा या पद्धतीतला सर्वांत फलदायी भाग आहे, असे नोंदकाराचे मत आहे. परत फिरण्याच्या याच नियमावर नूथ, मॉरिस व प्रॅट यांची शब्दशोधाची रीत उभी आहे (प्रकाशन १९७७).

‘aab नसलेल्या’ स्ट्रिंगांचा प्रश्न याच पानावर येतो. ‘असलेली’चा डीएफए काढून फायनल आणि बिगरफायनल स्टेटची अदलाबदल केली की उत्तर मिळते. मात्र ही अदलाबदल पूर्ण डीएफएवरच चालते. एनएफएवर केली तर भाषा चुकते, कारण तिथे एकाच स्ट्रिंगला स्वीकाराची आणि नकाराची अशा दोन्ही वाटा असू शकतात.

जोडयंत्राचा गट

प्रश्नात ‘आणि’ किंवा ‘किंवा’ने दोन अटी जोडलेल्या असल्या की प्रत्येक अटीचे यंत्र वेगळे काढून स्टेटच्या जोड्या लावायच्या. एम. ओ. रॅबिन आणि डी. एस. स्कॉट यांच्या १९५९ च्या लेखात ही रचना आहे. एनएफएवरून डीएफए करण्याची संचरचनाही त्याच लेखातली. ‘a ची संख्या सम आणि b ची संख्या 3 ने विभाज्य’ याला 2×3 म्हणजे सहा स्टेट लागतात, आणि तिथे एकही कमी होत नाही. त्यामुळे ‘गुणाकार केला की किमान संख्या मिळते’ असा समज पक्का होतो. तो मोडायला पुढचे उदाहरण पुरेसे आहे.

‘लांबी सम आणि शेवटचे अक्षर a’. लांबीच्या यंत्राला दोन स्टेट, शेवटच्या अक्षराच्या यंत्राला दोन, म्हणून चार जोड्या. पण लांबी विषम असताना शेवटचे अक्षर काय होते याला काही किंमत उरत नाही, कारण पुढे किमान एक अक्षर यायचेच आहे आणि तेच शेवटचे ठरणार. विषमच्या दोन्ही जोड्या एकरूप होतात आणि तीन स्टेट उरतात : E (लांबी सम, शेवटी a नाही, हीच सुरुवात), O (लांबी विषम), A (लांबी सम, शेवटी a, हीच फायनल). E आणि A वरून कोणत्याही अक्षराने O, O वरून a ने A आणि b ने E. गेट परीक्षेत ‘किमान किती स्टेट’ असे विचारतात तेव्हा नेमके असे उदाहरण घातक ठरते, कारण आकृती मागितलेली नसते आणि 4 हे उत्तर आकृतीशिवाय अगदी खरे वाटते.

यंत्रावरून पदावली : आर्डनचा नियम

यंत्र देऊन रेग्युलर एक्स्प्रेशन मागणारे प्रश्न हा तिसरा गट. आपल्याकडची पाठ्यपुस्तके यासाठी बहुधा आर्डनचा नियम वापरतात. एकेक स्टेट काढून टाकण्याची रीतही प्रचलित आहे. नियम असा : R = Q + RP आणि P मध्ये ε नसेल तर R = QP* हे एकमेव उत्तर. वरचेच यंत्र घेऊ. प्रत्येक स्टेटसाठी तिच्यात येणारे बाण लिहायचे :

```
E = ε + O b
O = (E + A)(a + b)
A = O a
```

पहिल्या व तिसऱ्या समीकरणाची बेरीज केली तर E + A = ε + O(a+b). ती दुसऱ्यात घातली की O = (a+b) + O(a+b)(a+b). इथे Q = (a+b) आणि P = (a+b)(a+b). P मध्ये ε नाही, म्हणून O = (a+b)((a+b)(a+b))*, आणि उत्तर A = (a+b)((a+b)(a+b))*a. शब्दांत वाचले तर ‘विषम लांबीचे काहीही, मग a’. हे मूळ प्रश्नाशी ताडून पाहता येते, आणि ताडून पाहावेच.

गुण जातात ते दिशेच्या गोंधळात. येणाऱ्या बाणांची समीकरणे लिहिली तर ε सुरुवातीच्या स्टेटला जोडायचा आणि उत्तर QP* असे वाचायचे. जाणाऱ्या बाणांची लिहिली तर ε फायनल स्टेटला, समीकरण R = Q + PR, आणि उत्तर P*Q. एका पुस्तकातून समीकरणे आणि दुसऱ्यातून सूत्र घेतले की पदावली उलटी होते. P मध्ये ε नसण्याची अटही नुसती लिहिण्यापुरती नाही. R = a + R या समीकरणाला a ज्यात आहे असा कोणताही संच चालतो, म्हणजे उत्तर एकमेव राहत नाही.

नियमाच्या जनकत्वाबाबत एकमत धरता येत नाही. डीन आर्डन यांचा लेख १९६१ चा आहे आणि भारतीय पाठ्यपुस्तकांत नाव त्यांचेच चालते. पण स्टीफन क्लीनी यांचे काम त्याआधीचे आहे. ते १९५१ मध्ये रँड संस्थेच्या अहवालात आले आणि १९५६ मध्ये छापून प्रसिद्ध झाले, म्हणून दोन्ही वर्षे उद्धृत होतात. क्लीनींचा तारा आजच्यासारखा एका पदावर लागणारा नव्हता, दोन पदांमध्ये बसणारा होता. त्यांचे E*F म्हणजे F, EF, EEF इत्यादींचा संयोग. त्या व्याख्येतूनच X = F + EX या समीकरणाला E*F हे उत्तर चालते हे उघड होते. म्हणून उत्तराचे रूप क्लीनींकडे आणि समीकरणे सोडवण्याची सुटसुटीत रीत आर्डनकडे, अशी वाटणी करणे अधिक रास्त दिसते. ‘रेग्युलर’ या शब्दावर क्लीनी स्वतः समाधानी नव्हते. अधिक अर्थवाही शब्द सुचवावा, असे त्यांनी त्याच लेखात वाचकांना म्हटले आहे.

गटांच्या कडा

काही प्रश्न दोन गटांच्या सीमेवर बसतात. ‘शेवटून तिसरे अक्षर 1’ हा प्रश्न साखळीचा वाटतो आणि एनएफए खरोखरच चार स्टेटच्या साखळीचा येतो. डीएफएला मात्र शेवटची तीन अक्षरे लक्षात ठेवावी लागतात, म्हणून 8 स्टेट लागतात. शेवटून n वे म्हटले तर 2ⁿ. हा प्रश्न संचरचनेच्या पानावर ठेवणे योग्य.

मोजणीचे प्रश्न सर्वांत फसवे आहेत. ‘a आणि b ची संख्या समान’ ही भाषा रेग्युलर नाही, कारण फरक कितीही वाढू शकतो आणि स्टेट मर्यादित असतात. असे प्रश्न पंपिंग लेमाच्या पानावर जातात. त्याच धाटणीचा ‘ab आणि ba हे तुकडे समान वेळा येणाऱ्या स्ट्रिंगा’ हा प्रश्नही विद्यार्थी त्याच पानावर ढकलतात. पण a च्या पट्ट्यातून b च्या पट्ट्यात गेल्यावर पुन्हा b कडे जाण्याआधी a कडे परत यावेच लागते, म्हणून दोन्ही संख्यांत एकापेक्षा जास्त फरक पडूच शकत नाही. स्ट्रिंग रिकामी असेल किंवा पहिले व शेवटचे अक्षर एकच असेल तर संख्या समान, नाहीतर असमान. स्टेटला पहिले अक्षर आणि आताचे अक्षर एवढेच लक्षात ठेवायचे असल्यामुळे सुरुवातीची एक आणि जोड्यांच्या चार, अशा पाच स्टेटमध्ये डीएफए पूर्ण होतो. त्यांपैकी सुरुवातीची, ‘a-a’ आणि ‘b-b’ या तीन फायनल.