पार्श्वभूमी: बाणांच्या आकृतीतलं ‘लाँग रन’

सेमिस्टर परीक्षेच्या आधी ठाणे-ऐरोली-वाशी पट्ट्यातल्या क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका ठरावीक धाटणीचं गणित फिरतं. वहीच्या पानाचा किंचित तिरका फोटो असतो, त्यात तीन वर्तुळं आणि त्यांना जोडणारे बाण. प्रत्येक बाणावर एक दशांश लिहिलेला. खाली प्रश्न: कॅब एका फेरीनंतर ठाणे, ऐरोली, वाशी यांपैकी कुठे सापडेल याच्या संभाव्यता आकृतीत दिल्या आहेत, तर ‘लाँग रन’मध्ये तिचं प्रमाण तिन्ही ठिकाणी किती? मॅट्रिक्स दिलेली नसते, ती आकृतीवरून उतरवून घ्यायची असते. तीन समीकरणं सोडवायला कुणाची ना नसते. गोंधळ ‘लाँग रन’ म्हणजे नेमकं काय यावरून होतो, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे.

त्याची सुरुवात एका भांडणातून झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत मॉस्कोतल्या एका गणितज्ञाचं म्हणणं असं होतं, की सरासरी स्थिर व्हायची तर घटना एकमेकींपासून स्वतंत्रच असायला हव्यात. या आधारावर तो माणसाच्या इच्छास्वातंत्र्यापर्यंत जाऊन पोचला. पीटर्सबर्गच्या दुसऱ्या गणितज्ञाला हे अजिबात पटलं नाही. १९०६ साली त्याने दाखवून दिलं, की पुढची स्थिती आताच्या स्थितीवर अवलंबून असली तरीही सरासरी स्थिर होऊ शकते. आज ज्याला आपण मार्कोव्ह साखळी म्हणतो तिचा जन्म असा प्रतिवादातून झाला. कॅब, हवामान, मोबाइल कंपन्या बदलणारे ग्राहक वगैरे सगळं नंतर आलं.

१९१३ साली त्याच गणितज्ञाने हातानं केलेली मोजणी आजच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळची आहे. उच्चार नसलेली दोन चिन्हं गाळून एका प्रसिद्ध रशियन पद्यकादंबरीतली पहिली २०,००० अक्षरं त्याने घेतली आणि त्यांत स्वर कोणते, व्यंजनं कोणती एवढंच पाहिलं. स्वर निघाले ८,६३८ आणि व्यंजनं ११,३६२. स्वरामागून लगेच स्वर आल्याच्या जोड्या १,१०४. म्हणजे स्वरानंतर स्वर येण्याची संभाव्यता ०.१२८, तर व्यंजनानंतर स्वर येण्याची ०.६६३. अक्षरं स्वतंत्र असती तर दोन्ही आकडे ०.४३२ च्या आसपास असते. ते तसे नाहीत, तरीही एकूण स्वरांचं प्रमाण शांतपणे ०.४३२ वर बसलेलं आहे.

आता यातला हिशेब पाहा. स्वराकडून व्यंजनाकडे गेलेल्या उड्या ८,६३८ वजा १,१०४, म्हणजे ७,५३४. व्यंजनाकडून स्वराकडे आलेल्या उड्याही जवळजवळ तेवढ्याच असणार, फार तर एकाचा फरक, कारण स्वरातून बाहेर पडल्याशिवाय पुन्हा स्वरात शिरता येत नाही. प्रत्येक वर्तुळात जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं, हेच ते संतुलनाचं समीकरण. स्वरानंतर व्यंजन येण्याची संभाव्यता १ वजा ०.१२८, म्हणजे ०.८७२. तेव्हा दोन वर्तुळांच्या साखळीत स्वरांचा वाटा ०.६६३ भागिले (०.६६३ + ०.८७२) म्हणजे ०.४३२ येतो. हा ताळा सिद्धांताचा पुरावा म्हणून सांगितलेला ऐकू येतो, ते मात्र बरोबर नाही. संभाव्यता त्याच मोजणीतून काढल्या आहेत, तेव्हा उत्तर जुळणारच. मोजणीतून खरं काय दिसलं, तर ०.१२८ आणि ०.६६३ यांच्यातलं अंतर.

या सगळ्यात चित्र कुठेच नव्हतं. वर्तुळं आणि बाण रुळले ते दूरसंचाराच्या अभियंत्यांमुळे. १९४८ सालच्या संदेशवहनाच्या गाजलेल्या लेखात अक्षरांचा स्रोत ठिपके आणि बाण काढून दाखवला होता, आणि चित्र शोभेचं नव्हतं. साखळी नीट वागेल की नाही हे त्यात चित्राकडे बघूनच ठरवलं होतं. एक, कोणत्याही ठिपक्यावरून कोणत्याही ठिपक्याला बाणांवरून जाता आलं पाहिजे. दोन, आकृतीतल्या सगळ्या बंद फेऱ्यांच्या लांब्या घेतल्या तर त्यांचा मसावि १ असला पाहिजे. मॅट्रिक्सचे घात करत बसायचं कारण नाही. एखाद्या वर्तुळाला सेल्फ लूप, म्हणजे स्वतःकडेच वळणारा बाण, असेल तर १ लांबीची फेरी मिळाली, आणि दुसरी अट तिथेच पुरी झाली.

आता आपलं गणित. ठाण्याहून ऐरोलीला ०.३, वाशीला ०.२, ठाण्यातच ०.५. ऐरोलीहून ठाण्याला ०.४, वाशीला ०.४, तिथेच ०.२. वाशीहून ठाण्याला ०.२, ऐरोलीला ०.२, तिथेच ०.६. प्रत्येक वर्तुळात बाहेरून येणारं आणि बाहेर जाणारं सारखं ठेवलं, की ही समीकरणं मिळतात:

```
०.५ ठ  = ०.४ ऐ + ०.२ वा
०.८ ऐ  = ०.३ ठ + ०.२ वा
०.४ वा = ०.२ ठ + ०.४ ऐ
ठ + ऐ + वा = १
```

पहिल्या तिनांतलं कुठलंही एक उरलेल्या दोनांतून निघतं, म्हणून चौथं लागतं. तिसऱ्यातून वा = ०.५ ठ + ऐ. ते पहिल्यात घातलं की ०.४ ठ = ०.६ ऐ. ठाणे, ऐरोली, वाशी यांचं गुणोत्तर ६ : ४ : ७ येतं, म्हणजे सुमारे ०.३५३, ०.२३५ आणि ०.४१२.

ग्रुपवर याच गणिताचं दुसरं उत्तरही हटकून येतं: तिघांनाही एक तृतीयांश. हे अंदाजपंचे नसतं. संभाव्यतेची पुस्तकं मॅट्रिक्स अशी मांडतात की प्रत्येक ओळीची बेरीज १ येते. रेषीय बीजगणिताच्या बऱ्याच पुस्तकांत स्तंभाची बेरीज १ असते. ओळींची मॅट्रिक्स मांडून समीकरण स्तंभांच्या पद्धतीचं लावलं, की सगळे घटक समान असलेलं उत्तर मिळणारच, कारण ओळींची बेरीज १ आहे एवढंच त्या समीकरणाने पुन्हा सांगितलेलं असतं. सगळे वाटे सारखे आले की स्तंभांच्या बेरजा बघाव्यात. त्याही १ असतील तर उत्तर खरंच समान आहे. इथे त्या १.१, ०.७ आणि १.२ आहेत, म्हणजे मॅट्रिक्स उलटी लागली.

आता वादाचा मुद्दा. ठाणे आणि वाशी यांच्यामध्ये फक्त ये-जा करणारी एक लोकल घ्या. एका टोकाला पोचली की पुढची फेरी दुसऱ्या टोकाला, सेल्फ लूप नाही. आकृतीतल्या सगळ्या बंद फेऱ्यांची लांबी सम, मसावि २. शंभराव्या फेरीनंतर ती ठाण्यात असण्याची संभाव्यता किती? ठाण्याहून निघाली असेल तर १, वाशीहून निघाली असेल तर ०. ही संख्या कधीच कुठे स्थिरावत नाही. तरी फेऱ्या मोजत गेलात तर निम्म्या ठाण्यात संपतात, आणि संतुलनाचं समीकरणही अर्धं-अर्धं असंच उत्तर देतं. मग या गाडीला ‘लाँग रन’मधलं प्रमाण आहे की नाही?

पाठ्यपुस्तकं इथे दोन वाटांनी गेली, आणि त्यांच्यामधला ‘अर्गोडिक’ हा शब्द अजून सुटलेला नाही. १९६० च्या एका प्रभावी पुस्तकात प्रत्येक स्थितीतून प्रत्येक स्थितीला जाता येणं एवढ्यालाच अर्गोडिक म्हटलं, आणि त्यात आवर्तनही नसेल, म्हणजे मसावि १ असेल, तर अशा साखळीला ‘रेग्युलर’ असं वेगळं नाव दिलं. त्या हिशेबाने आपली लोकल अर्गोडिक आहे. दुसऱ्या परंपरेतल्या पुस्तकांनी आवर्तन नसणं अर्गोडिकच्या व्याख्येतच घातलं, तिथे ती बाद होते. एका पुस्तकातून शिकवणारा आणि दुसऱ्यातून पेपर काढणारा असे दोघे एकाच विद्यार्थ्याच्या वाट्याला आले, तर गुण कापले जातात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. प्रश्न ‘प्रमाण’ विचारत असेल तर अर्धं-अर्धं हे उत्तर पूर्ण गुणांचं आहे, असं या लेखकाचं मत आहे. १९०६ च्या भांडणाचा विषय सरासरीच होता. फार पुढच्या एका फेरीची संभाव्यता ही वेगळी गोष्ट, आणि ती हवी असेल तर पेपर काढणाऱ्याने तसं स्पष्ट विचारावं.

आकृतीवरच्या त्या दोन्ही अटी हातानं तपासणं अशक्य झालं ते वेबवर. १९९८ च्या सुमारास पानांची क्रमवारी लावायला हेच संतुलनाचं समीकरण वापरलं गेलं: पान म्हणजे वर्तुळ, लिंक म्हणजे बाण. पण कित्येक पानांतून बाण बाहेरच पडत नाहीत, आणि काही पानं आपापसांतच फिरत राहतात. त्यावर उपाय म्हणून बाण नसलेल्या पानाला सगळ्या पानांकडे बाण जोडले, आणि दर पायरीला साधारण ०.८५ संभाव्यतेने बाणामागून जायचं, नाहीतर कुठल्याही पानावर उडी घ्यायची, असं ठरवलं. त्यामुळे प्रत्येक पानाला छोटासा सेल्फ लूपही मिळाला आणि दोन्ही अटी आपोआप पुऱ्या झाल्या. उत्तराचं अस्तित्व पक्कं झालं, पण ते काही अंशी ०.८५ या निवडीचंही उत्तर झालं. हे सांगायचं सहसा राहून जातं.

फोटोतल्या आकृतीत मात्र सगळ्यात जास्त घात होतो तो कडेला. वर्तुळाच्या बाहेर काढलेला सेल्फ लूप फ्रेममध्ये मावत नाही. ठाण्याचा ०.५ चा लूप कापला गेला, तर बाहेर जाणाऱ्या बाणांची बेरीज ०.५ च दिसते. बेरीज १ नाही, म्हणजे काहीतरी फोटोबाहेर राहिलंय, हे तिथेच ओळखता येतं. काही जण मात्र ०.३ आणि ०.२ ताणून ०.६ आणि ०.४ करतात, म्हणजे बेरीज १ होते. मग गुणोत्तर ३ : ४ : ७ येतं आणि ठाण्याचा वाटा ०.३५३ वरून ०.२१४ वर घसरतो. ऐरोली आणि वाशी यांचं आपसातलं ४ : ७ मात्र जसंच्या तसं राहतं.

हा योगायोग नाही. ०.५ च्या लूपमुळे ठाण्यात शिरलेली कॅब सरासरी १ भागिले ०.५, म्हणजे २ पायऱ्या तिथे असते. लूप काढला की ठाण्याला दिलेली प्रत्येक भेट एकाच पायरीची होते. ३ : ४ : ७ मध्ये ठाण्याच्या भेटी मोजल्या आहेत, ६ : ४ : ७ मध्ये ठाण्यात काढलेल्या पायऱ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोपनहेगनमध्ये टेलिफोनच्या लाइनी किती लागतील हे काढणाऱ्या अभियंत्याला हा फरक रोजच्या कामात लागायचा, कारण लाइन किती वेळा अडकली आणि किती वेळ अडकली हे वेगळे प्रश्न होते. कॅबच्या गणितात एक पायरी किती मिनिटांची ते बहुधा लिहिलेलंच नसतं. ठाण्यातली पायरी २० मिनिटांची आणि ऐरोली-वाशीतली १० मिनिटांची असेल, तर वेळेचं गुणोत्तर १२ : ४ : ७ होतं आणि निम्म्याहून जास्त वेळ कॅब ठाण्यातच असते.