जोर दिल्यावर बाहेर येतं ते सगळं मूळव्याध नसतं

"आजीला संडासला बसल्यावर मऊ गोळा बाहेर येतो, मूळव्याधच ना? मलम लावलं की जाईल."

नाही, या वयातल्या बाईला असं होत असेल तर आधी गुदभ्रंशाचा विचार करायचा, म्हणजे गुदाशयच उलटून बाहेर येतं, शर्टाची बाही आतून ओढून उलटी करावी तसं. मूळव्याधीत फुगलेल्या रक्तवाहिन्यांचे वेगवेगळे कोंब दिसतात आणि मधल्या खाचा मधोमध असलेल्या भोकाकडे जातात, पूर्ण गुदभ्रंशात मात्र गोल गोल वळ्या दिसतात, एकात एक कडी असल्यासारख्या. सत्तरीची आजी, कपड्याला चिकट स्राव, नकळत थोडी शी होते, आणि गोळा आता खोकल्यावरही येतो, ही गोष्ट मलमाची नाहीच. झोपवून तपासलं तर बरेचदा काही दिसत नाही, म्हणून डॉक्टर उकिडवं बसवून जोर द्यायला सांगतात, नाहीतर बाहेर आलेलं असताना मोबाईलवर फोटो काढून न्या (लाज वाटते, पण खूप कामाला येतो). इलाज बहुतेकदा ऑपरेशनच.

लहान मुलांत मूळव्याध तशी दुर्मिळच. एक ते चार वर्षांच्या पोराचं बाहेर येतं ते बद्धकोष्ठ, जुलाब, जंत किंवा कुपोषणामुळे, आणि कारण गेलं की बहुतेकांचं आपोआप थांबतं. पॉटीवर तासनतास बसवू नका. छोटा लाल गोळा आणि रक्त असेल तर पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेला कोंबही असू शकतो. गोळा आत जात नाही, काळानिळा पडलाय, तर लगेच हॉस्पिटल.