नोटीस द्यायची की कळवायचं? घर सोडतानाची एक नेहमीची गफलत

भाडेकराराची नोंदणी करून देणं हा माझा धंदा. त्यामुळे दर मे महिन्यात तेच ऐकतो: "एक महिन्याची नोटीस दिलीय, आता डिपॉझिट मिळेल ना?" नोटीस कसली, हे विचारलं की समोरचा गप्प.

करार मधेच मोडण्याची नोटीस सगळ्यांना ठाऊक असते. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही असा सुरुवातीचा काळ, संपलेला असावा, मग करारात असेल तितके, बहुधा तीस दिवस आधी लेखी कळवायचं. हे दिवस पत्र पोचल्यापासून मोजतात. एवढंच.

दुसरं पत्र मुदत संपताना द्यायचं. यात आपण करार मोडत नाही. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स त्याच्या तारखेला आपोआप संपतो. पत्र इतकंच सांगतं, की नूतनीकरण नको, अमुक तारखेला ताबा देतो. तारीख आपण ठरवत नाही, ती करारात आधीच छापलेली असते. लोक मात्र नेटवरून मोडण्याच्या नोटिशीचा मसुदा उचलतात आणि 'करार रद्द करत आहे' असं लिहून मोकळे होतात. हा 'रद्द' शब्द मला डोळ्यासमोर नको असतो.

गेल्या वर्षी कोथरूडचा एक मुलगा आला होता. करार 1 जुलै 2024 ते 31 मे 2025, भाडं 22 हजार, डिपॉझिट 75 हजार. पठ्ठ्यानं 10 मे रोजी नोटीस दिली: 'आजपासून एक महिन्यानं करार रद्द समजावा.' म्हणजे 9 जून. मालकानं हिशोब केला, जूनचे नऊ दिवसही भाडं द्या. मुलगा भांडायच्या तयारीत होता, पण मला काळजी वेगळीच होती. 31 मेनंतर त्या घरात राहायला त्याच्याकडे करारच नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्या परवानाधारकाकडून मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो, आणि ताबा मिळेपर्यंतची भरपाई भाड्याच्या दुप्पट दरानं लागू शकते. नऊ दिवसांसाठी कुणी तिथवर जात नाही, हे खरं. पण स्वतःच्या सहीनं 'मी 9 जूनपर्यंत राहणार' असं लिहून द्यायची गरज काय?

त्याला मी तिथेच नवं पत्र लिहून दिलं. आधीचं पत्र मागे घेतो, असं पहिल्याच ओळीत. मग मजकूर:

"आपल्यातील नोंदणीकृत कराराची मुदत 31 मे 2025 रोजी संपते. नूतनीकरण करण्याचा माझा विचार नाही. 24 किंवा 25 मे यांपैकी आपल्या सोयीच्या दिवशी आपण दोघांनी मिळून घराची पाहणी करावी. 31 मे रोजी सकाळी 11 वाजता चाव्या देईन, त्याच वेळी 75,000 रुपये डिपॉझिट परत मिळावे. काही कपात असल्यास तिचा लेखी तपशील 28 मेपर्यंत द्यावा."

मालकांना तारखा दिल्या की बरं वाटतं. 'लवकरात लवकर डिपॉझिट द्यावे' असं लिहिलंत तर लवकर म्हणजे दिवाळीही असू शकते. करार मात्र एकदा वाचा. बऱ्याच करारांत ताबा देताच डिपॉझिट परत, असं कलम असतं. तसं असेल तर त्याचा क्रमांक पत्रात घाला. काही करारांत मुदत संपतानाही महिनाभर आधी कळवायची अट असते. ती असेल तर पाळा, पण तेव्हाही 'रद्द' नको.

पाहणी चावीच्याच दिवशी ठेवू नका, एक आठवडा आधी ठेवा. टेम्पो खाली उभा असताना मालकानं गळका नळ दाखवला, तर डिपॉझिटमधून तो सांगेल तेवढे पैसे कापून घेणंच हातात उरतं. आठवडा असला तर प्लंबर आपण आणतो. पाहणीच्या वेळी दोघांनी खोलीनिहाय यादी करावी, खाली दोघांच्या सह्या, फोटो त्याच दिवशी एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर. पंख्यामागचा काळपट डाग, खिळ्यांची चार भोकं ही वापराची झीज. फुटलेलं बेसिन नुकसान. रंगाचे पैसे कापायचे, असं करारातच लिहिलेलं असेल तर वाद घालू नका, सही तुमचीच आहे. वीजमीटरचा आकडा चावी देताना टिपा.

आणि 'शेवटचं भाडं डिपॉझिटमधूनच वळतं करा' हे मला अजिबात पसंत नाही. भाडं वेळेवर भरलेल्या माणसाला डिपॉझिट पूर्ण मागता येतं.

त्या मुलाच्या यादीत शेवटी एकच ओळ राहिली: बाथरूमचा आरसा, 850 रुपये. 31 मेला चाव्या टेबलावर ठेवल्या, 74,150 खात्यात आल्याचा मेसेज वाचला आणि मग त्या सरकवल्या.