लॉस कव्हर करायचाच, या हट्टाला कुलूप

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा एक तरुण डोळ्यांसमोर आणा. मंगळवार, म्हणजे निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी, त्या आठवड्याचे ऑप्शन संपण्याचा दिवस. सकाळी त्यानं ८० रुपयांच्या प्रीमियमनं एका कॉलचे, म्हणजे निफ्टी वाढला तर भाव वाढणाऱ्या ऑप्शनचे, दोन लॉट घेतले. लॉट ७५चा धरू, म्हणजे गुंतले १२ हजार. प्रीमियम ४०वर आला, त्यानं विकलं. तोटा ६,०००. इथवर सगळं ठीक, ठरवलेला स्टॉपलॉसच तो.

पण पाचच मिनिटांत त्यानं तोच कॉल ४०ला घेतला, या वेळी चार लॉट. का, तर २० रुपये वाढले की सकाळचे सहा हजार निघतात. बाजाराबद्दल नवं काहीच कळलेलं नव्हतं. लॉटचा आकडा तोट्यावरून ठरला. प्रीमियम १०वर आला, आणखी ९,००० गेले. दोन वाजता १० रुपयांनी बारा लॉट. एक्स्पायरीच्या दुपारी प्रीमियममधली वेळेची किंमत झपाट्यानं वितळते, त्यामुळे निफ्टी जागेवर राहिला तरी असा कॉल मरतो. साडेतीनला शून्य. सहाचे चोवीस हजार झाले.

हा काही सोलापुरी स्वभावदोष नव्हे. कोव्हल आणि शमवे यांनी शिकागोच्या बाँड वायद्यांतल्या व्यावसायिक ट्रेडरांचे सौदे तपासले (२००५). सकाळी तोटा झालेले लोक दुपारी नेहमीपेक्षा जास्त जोखीम घेताना दिसले. आणखी एक गोष्ट ॲलेक्स इमास यांनी २०१६मध्ये दाखवली: तोटा नुसता कागदावर असताना माणूस धाडस वाढवतो, पण पैसे खरोखर देऊन खातं मिटलं की सावध होतो. मग आपल्या गड्यानं विकल्यावरही धाडस का वाढवलं? माझ्या मते, सौदा मिटला तरी ‘आजचा दिवस’ हे मनातलं खातं उघडंच होतं, आणि स्क्रीनवरचा लाल आकडा ते मिटू देत नव्हता.

म्हणून दहा मिनिटं चहाला जाऊन येणं फारसं कामाचं नाही. परत आल्यावर तोच आकडा समोर असतो. दिवस संपवणारा नियम लागतो, आणि तो बाजार उघडण्याआधी ठरलेला लागतो. काही ब्रोकरांच्या ॲपमध्ये यासाठी किल स्विच असतो: उघड्या पोझिशन मिटवायच्या, पडून असलेल्या ऑर्डर रद्द करायच्या आणि एफ अँड ओ सेगमेंट बंद करायचा. काही ठिकाणी तो १२ तास परत चालू होत नाही. सकाळी अकराला दाबला तर कुलूप रात्री अकराला उघडतं, तेव्हा शेअरबाजार बंद. वरच्या हिशेबात यानं १८,००० रुपये वाचले असते.

मात्र बटण आपल्यालाच दाबायचं असेल, तर तापलेलं डोकं ते दाबत नाही. तोट्याची मर्यादा आदल्या रात्री भरून ठेवता येत असेल तर उत्तम. शिवाय कुलूप एकाच ब्रोकरपुरतं असतं. दुसऱ्या ॲपमध्ये खातं असेल तर ते तिथे लागू नाही, आणि बरेच जण नेमके तिथंच जातात.

आपलं काय होतं, ते ट्रेडबुक उघडून बघता येतं. तोट्याच्या प्रत्येक सौद्यापुढे दोन गोष्टी मांडा: पुढची ऑर्डर किती मिनिटांनी गेली आणि लॉट किती होते. तोट्यानंतर मिनिटं कमी आणि लॉट जास्त दिसत असतील, तर त्या ऑर्डरी चार्ट पाहून टाकलेल्या नाहीत.